सागरी मैल, मैल आणि किलोमीटर: अंतर वाचताना या चुका टाळा

मराठीत ‘मैल’ हा एकच शब्द दोन वेगळ्या मापांसाठी वापरला जातो आणि बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते. रस्त्याचा मैल १६०९ मीटरचा आहे, तर सागरी मैल १८५२ मीटरचा. मासेमारीविषयीच्या बातमीत ‘किनाऱ्यापासून १२ मैलांची हद्द’ असे छापून येते, वाचक सवयीने १.६ ने गुणतो आणि १९ किलोमीटर समजून चालतो. प्रत्यक्षात ती हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे २२ किलोमीटरहून थोडी अधिक असते. बातमी वाचताना या तीन किलोमीटरांनी काही अडत नाही, पण हीच सवय घेऊन माणूस बोटीवर चढला की अडते.

काही वर्षांपूर्वी, डिसेंबरात, एका स्नेह्यांच्या छोट्या मोटरबोटीतून आम्ही मुंबईहून रत्नागिरीला निघालो होतो. किनाऱ्यापासून पुरेसे बाहेर राहून नकाशावर आखलेला मार्ग १२० सागरी मैलांचा होता. बोटीचा वेग ८ नॉट आणि डिझेलचा खर्च तासाला ८ लिटर होता. स्नेह्यांनी १२० ला १.६ ने गुणून १९२ किलोमीटर काढले. वेगाचे रूपांतर मात्र त्यांनी नीट केले आणि ८ नॉट म्हणजे ताशी १४.८ किलोमीटर धरले. भागाकार करून तेरा तास आले, त्यानुसार १०४ लिटर डिझेल लागणार होते, आणि त्यांनी ११० लिटर भरले. हिशेब कागदावर व्यवस्थित मांडलेला होता, म्हणून मीही तो पुन्हा तपासला नाही, आणि ही चूक माझी होती.

पहाटे तीनला निघालो. दुपारी चार वाजता, हिशेबाप्रमाणे रत्नागिरीचे दीपगृह समोर दिसायला हवे होते तेव्हा, डाव्या हाताला जयगडचे भूशिर होते आणि रत्नागिरी अजून सोळा सागरी मैल दूर होती. टाकीत सहा लिटर डिझेल उरले होते आणि गरज सोळा लिटरची होती. दुपारनंतर वाहणारा वायव्येचा वारा वाढत होता आणि त्या वाऱ्यात इंजिन बंद पडलेली बोट खडकाळ किनाऱ्याकडे सरकते, म्हणून आम्ही ताबडतोब जयगडच्या खाडीत शिरलो. तेथे डिझेल मिळेपर्यंत रात्र झाली.

या प्रसंगात खरे तर किलोमीटरची गरजच नव्हती. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, तेव्हा १२० ला ८ ने भागले की पंधरा तास आणि १२० लिटर हे उत्तर थेट मिळते. अंतर एका मापात आणि वेग दुसऱ्या मापात ठेवून मधल्या पायरीवर रूपांतर करणे ही नवशिक्यांची सर्वांत महाग पडणारी घाई आहे. किलोमीटरमध्ये विचार केला की अंतराची कल्पना येते हे मान्य आहे, पण ते रूपांतर उत्तर हाती आल्यानंतर करावे. शिवाय इंधनाच्या बाबतीत मी आता जुना नियम पाळतो: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव. सहा लिटरांची शिल्लक ही राखीव साठा म्हणण्याजोगी नव्हती.

रूपांतर करायचेच झाले तर सागरी मैलांची दुप्पट करून दहा टक्के वजा करण्याची युक्ती अनेक जण सांगतात. ती १२० साठी २१६ किलोमीटर देते आणि खरे उत्तर २२२ आहे, म्हणजे नेहमी सुमारे तीन टक्के कमी. मी दुपटीचे दहा टक्के काढतो आणि त्याचा पाऊण भागच वजा करतो: २४० चे दहा टक्के २४, त्याचा पाऊण १८, आणि २४० मधून १८ गेले की २२२. रस्त्याच्या मैलांसाठी पाचाला आठ हे प्रमाण पुरेसे आहे.

दुसरी चूक नकाशावर अंतर मोजताना होते. सागरी मैल हा अक्षांशाच्या एका मिनिटावरून ठरला आहे, त्यामुळे डिव्हायडरने घेतलेले अंतर नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरच्या अक्षांशाच्या पट्टीवर लावायचे असते. वरची किंवा खालची पट्टी हाताशी असते म्हणून लोक तीच वापरतात, पण ती रेखांशाची आहे आणि ध्रुवाकडे जावे तसे रेखांशाचे मिनिट आखूड होत जाते. कोकणपट्टीत, १८ अंशांच्या आसपास, ते सागरी मैलापेक्षा सुमारे पाच टक्के लहान असते, म्हणून शंभर मैलांचा मार्ग १०५ भरतो आणि चूक लक्षातही येत नाही. इंग्लिश खाडीत, ५० अंशांवर, तेच मिनिट सागरी मैलाच्या दोन तृतीयांशांहूनही कमी असते आणि उत्तर दीडपटीच्याही पुढे जाते. कडेच्या पट्टीवरही आपला मार्ग जेथे आहे त्याच उंचीवर मोजावे, कारण मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर ती पट्टीसुद्धा उत्तरेकडे ताणत जाते.

जीपीएस यंत्र सुरू केल्यावर मी प्रथम एकक पाहतो. अंतरापुढे `NM` आणि वेगापुढे `kn` असेल तरच आकडे वाचतो. आधीच्या माणसाने यंत्र `mi` वर ठेवलेले असू शकते.

‘ताशी आठ नॉट’ असे लिहू नये, कारण नॉटमध्ये तास आधीच आला आहे.

विमानप्रवासात तिन्ही मापे एकाच मार्गासाठी भेटतात. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमान कंपनीच्या प्रवासगुणांच्या हिशेबात ते साधारण ४,४७० मैल होते, कारण तेथे रस्त्याचा मैल धरतात, आणि वैमानिकाच्या कागदावर साधारण ३,८९० होते, कारण तेथे सागरी मैल असतो. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर मोठ्याला लहानाने भागून पाहावे. उत्तर १.१५ च्या जवळ आले तर एक आकडा सागरी मैलांचा आणि दुसरा रस्त्याच्या मैलांचा आहे. १.६ आले तर किलोमीटर आणि रस्त्याचे मैल, १.८५ आले तर किलोमीटर आणि सागरी मैल. यांपैकी काहीच आले नाही तर दोष एककाचा नाही, दोन्ही ठिकाणी मार्गच वेगळा मोजलेला आहे.

ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांना रस्त्यावरच्या फलकांवरील ‘m’ हे अक्षर फसवते. तेथे ते मीटरचे नसून मैलाचे असते. ‘½ m’ म्हणजे आठशे मीटर, आणि त्याहून जवळची अंतरे यार्डांत लिहिलेली असतात. यार्ड मीटरहून थोडाच आखूड असल्याने त्याला मीटर मानून चालण्यास हरकत नाही. उत्तर आयर्लंडमधून आयर्लंड प्रजासत्ताकात जाताना मात्र अधिक जागे राहावे लागते. सीमेवर कोणी थांबवत नाही, पण पलीकडे २००५ पासून वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आहे. तेथील फलकावर आकड्याखाली ‘km/h’ लिहिलेले असते, ब्रिटिश फलकावर नुसता आकडा असतो. दक्षिणेकडून उत्तरेला येताना नुसता ५० दिसला तर तो ताशी ८० किलोमीटर आहे. उलट दिशेने जाताना भाड्याच्या ब्रिटिश गाडीच्या वेगमापकावर मोठे आकडे मैलांचे असतात, म्हणून आतल्या बाजूची लहान आकड्यांची किलोमीटरची पट्टी गाडी सुरू करण्यापूर्वीच शोधून ठेवावी.