कापड कोण विकणार आणि पगार कोणाचा घसरणार? हेक्श्चर-ओहलिनमधल्या या चुका टाळा

सेटच्या सरावपरीक्षेचे पेपर तपासताना माझं लाल पेन दरवर्षी एकाच जागी अडतं. यंदा प्रश्न असा होता: अ देशात 100 कामगार आणि 150 एकक भांडवल, ब देशात 40 कामगार आणि 40 एकक भांडवल. श्रमप्रधान कापड कोण निर्यात करेल? निम्म्याहून जास्त पोरांनी 'अ' लिहिलं, कारण काय तर 'अ कडे कामगार जास्त'. अरे, डोकी मोजायची नाहीत, प्रमाण पाहायचं! अ मध्ये कामगारामागे दीड एकक भांडवल, ब मध्ये एकच. म्हणजे कामगार कमी असूनही श्रमविपुल देश ब. हेक्श्चर-ओहलिनचं म्हणणं असं की ज्या देशात जो घटक विपुल, तो घटक जास्त लागणारी वस्तू तो देश निर्यात करतो, म्हणून कापड ब च विकणार. मी तर गणित वाचलं की आधी समासात भागाकार करतो, मगच पुढची ओळ. गाइडमधलं 'जास्त लोकसंख्या म्हणजे श्रमविपुल' हे एका ओळीचं सूत्र खोडूनच टाका.

वस्तू श्रमप्रधान आहे का, हेही प्रमाणावरूनच ठरवा. तंत्रज्ञान दोन्हीकडे सारखं धरा. वेगळं धरलंत की तुम्ही रिकार्डोकडे गेलात.

दुसरी चूक माझी स्वतःची. शिकवायला लागलो त्या वर्षी मी फळ्यासमोर छातीठोकपणे सांगितलं, "व्यापार खुला होऊन बाहेरचं कापड आलं की अ देशात मजुरी घसरेल, पण कापडही स्वस्त होईल, म्हणजे फिटंफाट." मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, करून दाखवा ना." केलं, आणि तोंडघशी पडलो.

कापडाच्या एका नगाला 2 श्रम, 1 भांडवल लागतं. पोलादाला 1 श्रम, 2 भांडवल. सोयीसाठी ही प्रमाणं स्थिर धरा, नफा शून्य. दोन्हींची किंमत 30, तर मजुरी 10 आणि भांडवलाचा मोबदलाही 10. आता व्यापार खुला होऊन अ मध्ये कापड 27 वर आलं, पोलाद 30 वरच राहिलं. w म्हणजे मजुरी आणि r म्हणजे भांडवलाचा मोबदला धरून दोन समीकरणं सोडवा:

```
2w + r = 27
w + 2r = 30
w = 8, r = 11
```

कापड 10 टक्क्यांनी उतरलं, मजुरी मात्र 20 टक्क्यांनी. म्हणजे मजूर पगारात कापडही आधीपेक्षा कमी घेऊ शकतो, पोलाद तर कमीच. स्टोल्पर आणि सॅम्युएलसन यांनी 1941 साली मांडलेला मुद्दा हाच: व्यापार खुला झाला की दुर्मिळ घटकाचं, इथे श्रमाचं, वास्तव वेतन घटतं, मग तो काहीही विकत घेवो.

आणि 'फक्त कापड गिरणीतल्या मजुराचं नुकसान' असंही लिहू नका. इथे मजूर एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जातो असं धरलंय, म्हणून पोलाद कारखान्यातल्या मजुरालाही 8 च मिळतात. उलट भांडवल गिरणीत अडकून पडलं असेल, तर हे उत्तर लागू होत नाही. तेव्हा आयातीविरुद्ध गिरणीमालक आणि मजूर एकाच मोर्चात दिसू शकतात.