भाडं की स्वतःचं घर: दहा वर्षांच्या हिशोबातल्या या चुका टाळा

‘भाडं म्हणजे पैसा पाण्यात’ हे वाक्य मनाशी पक्कं करून मांडलेले हिशोब माझ्याकडे सतत येतात. उत्तर आधीच ठरलेलं असतं, आकडे मागाहून बसवलेले असतात. मी हिशोबाला हात लावण्याआधी कागदावर गृहीतकं लिहायला लावतो. ती लिहायचाही ज्याला कंटाळा, त्याने तुलनेच्या भानगडीत पडूच नये.

सोयीसाठी घराची किंमत १०० धरू. खरेदीचा खर्च ७. स्वतःचे २०, कर्ज ८०, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. तसंच घर भाड्याने घेतलं तर पहिल्या वर्षाचं भाडं ३. घर स्वतःचं असेल तर देखभाल आणि कर मिळून वर्षाला १. भाडं आणि देखभाल दोन्ही दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतात आणि वर्षाच्या सुरुवातीला द्यायची. घराची किंमत वर्षाला ७ टक्के वाढते, दहा वर्षांनी विकताना २ टक्के खर्च. पुढचे पैसे आजच्या पैशांत आणायचा, म्हणजे वर्तमान मूल्य काढायचा दर ९ टक्के. प्राप्तिकराचे फायदे-तोटे बाजूला ठेवले आहेत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दहा वर्षांचे हप्ते आणि दहा वर्षांचं भाडं यांची नुसती बेरीज करून ती समोरासमोर ठेवणं. ओळखीतल्या एकाने हेच केलं होतं. स्वतःचे २०, हप्त्यांचे ८६.४ आणि देखभालीचे १३.२, एकूण ११९.६ गेले. घर विकून १९६.७ आले. म्हणजे दहा वर्षं राहून वर ७७ हातात, आणि भाड्यात मात्र ३९.५ गेलेले. बयाणा द्यायची तयारी झाली होती.

मी एकच विचारलं, दहा वर्षांनी बँकेला किती देणं उरेल? त्याचा अंदाज होता, निम्मं. खरं उत्तर ५६.८. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. पहिल्या वर्षी भरलेल्या ८.६ पैकी ७.१ व्याजात जातात. पाण्यातच म्हणायचं, तर तेही पाण्यात. दहा वर्षांत मुद्दल फिटतं जेमतेम २३. शिल्लक कर्ज, खरेदीचे ७ आणि विक्रीचे ३.९ वजा केल्यावर ते ७७ सुमारे ९.४ वर आले.

तरीही घरच पुढे दिसत होतं, कारण दहा वर्षांनंतरचे १९६.७ त्याने आजच्या पैशांत मिसळले होते. ९ टक्क्यांनी दहा वर्षं मागे आणताना रकमेला २.३७ ने भागावं लागतं. विक्रीखर्च वजा करून उरलेले १९२.८ आजचे फक्त ८१.४ होतात. भाडं थोडं थोडं आणि लवकर जातं, त्यामुळे त्याचं मूल्य इतकं घटत नाही: ३९.५ चे २६.५.

कर्जाचं काय करायचं, यावर लोक फार अडखळतात. माझी सवय सोपी आहे. वर्तमान मूल्याचा दर कर्जाच्या दराइतकाच धरतो. मग सगळे हप्ते आणि शेवटची शिल्लक यांचं आजचं मूल्य जवळपास ८० च येतं (महिन्याच्या चक्रवाढीमुळे किंचित फरक पडतो), आणि हप्ते मोजायची गरजच उरत नाही. घराची बाजू झाली किंमत आणि खरेदीखर्च मिळून १०७ अधिक देखभालीचे ८.८ वजा ८१.४, म्हणजे ३४.४ च्या आसपास. भाड्याची २६.५. या गृहीतकांवर भाडं सुमारे ८ ने स्वस्त. घराची किंमतही धरायची आणि वर हप्तेही मोजायचे, असं मात्र करू नका. एकच पैसा दोनदा धरला जातो.

एक्सेलमधली नेहमीची चूक: वर्तमान मूल्य काढणारं `NPV` पहिली रक्कम एक वर्षानंतरची समजतं. आजचं भाडं कंसात टाकलं तर २६.५ चे २४.४ होतात. म्हणून दहा वर्षांची भाडी B2 ते B11 मध्ये असतील तर आजची रक्कम बाहेर ठेवा:

```
=B2+NPV(9%,B3:B11)
```

भाडं दहा वर्षं आहे तेवढंच धरून दर मात्र महागाईसकटचा ९ टक्के लावणंही चूकच. महागाई धरायची तर दोन्हीकडे धरा.

घर किती टक्के वाढेल, हा मात्र सगळ्यात नाजूक आकडा. तिथे ५ टक्के घातले तर घराची बाजू ३४ वरून ४८ वर जाते. दशांशापर्यंत हप्ता काढणारी माणसं हा आकडा ऐकीव बातम्यांवरून घालतात, याची मला खरंच चीड येते. मी तो घालतच नाही, उलटा काढतो: दोन्ही बाजू बरोबरीत यायला घर किती वाढायला हवं? वरच्या उदाहरणात वर्षाला ८ टक्के, सलग दहा वर्षं. पहिल्या वर्षाचं भाडं ३ ऐवजी ४ असेल तर ६.९ टक्के पुरतात. आपल्या भागातल्या घरांच्या जुन्या व्यवहारांशी ताडून बघायचा आकडा हाच.