ट्रान्सपोर्टने माल पाठवताय? बिल्टीवर सही करण्याआधी

समजा, इचलकरंजीहून नागपूरला 60,000 रुपयांचं कापड पाठवलं, भाडं 1,200 रुपये. गठ्ठाच हरवला तर हातात किती येतील? कॅरेज बाय रोड कायदा, 2007 आणि त्याखालच्या नियमांनुसार ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, म्हणजे 12,000 रुपये. बाकीचे 48,000 आपल्या खिशातून! म्हणून बुकिंगच्या वेळीच खरी किंमत लिहा आणि ‘जादा जोखमीचा दर’ मागा. तो भरून पावतीवर नोंदवून घेतला, तरच ही मर्यादा उठते. थोडे पैसे जास्त जातात, पण महागड्या मालासाठी ते जरूर मोजा.

गठ्ठा फाटलेला, ओला दिसला तर पोचपावतीवर नुसती सही करू नका. ‘एक गठ्ठा फाटका, आतले चार तागे भिजलेले’ असं तिथेच लिहा आणि गाडीवाला असतानाच फोटो काढा. मग बिल्टी क्रमांक, बिलाची प्रत आणि मागणीची रक्कम घालून स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा. मुदत 180 दिवसांची, पण ती मोजायची बुकिंगच्या तारखेपासून. माणसं नेमकी इथेच चुकतात, ‘शोधतोय’ या फोनवरच्या उत्तरावर महिने काढतात. लेखी नोटीस वेळेत नसेल तर दावाच लावता येत नाही.