रिफर्बिश्ड लॅपटॉपची लिस्टिंग: ग्रेड, चार्जर आणि वॉरंटी खरीखुरी कशी लिहावी

लॅपटॉप पुसून, विंडोज नव्याने टाकून, पोर्ट आणि कीबोर्ड तपासून झालेत असं धरतो. मॉडेल, प्रोसेसर, रॅम, एसएसडी ही माहिती पहिल्या दोन ओळींत लिहा आणि पुढे चला. गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं ते ग्रेडवरून.

मी सुरुवातीला ‘ए ग्रेड, किरकोळ ओरखडे’ एवढंच लिहायचो. एक थिंकपॅड टी४८० याच शब्दांत विकला आणि चौथ्या दिवशी तो परत आला. बॉडी खरोखर चांगली होती, पण स्क्रीनच्या खालच्या डाव्या बाजूला दाबामुळे आलेला पांढुरका डाग होता. काळ्या वॉलपेपरवर तो दिसत नव्हता, म्हणून माझ्या नजरेतून सुटला. गिऱ्हाइकाने एक्सेल उघडलं आणि त्याला तो लगेच दिसला. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून पूर्ण पांढरं पान उघडून, ब्राइटनेस शंभर टक्के करून स्क्रीन बघितल्याशिवाय मी एक अक्षर लिहीत नाही.

ए, बी, सी या ग्रेडना सगळ्यांनी पाळावी अशी एकच व्याख्या नाही. एका दुकानाचा ‘ए’ हा दुसऱ्याचा ‘बी’ असतो. म्हणून ‘ग्रेड ठळक लिहा, बाकी फोटोत दिसेलच’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. अख्ख्या मशीनला एकच अक्षर चिकटवू नका. बॉडी, स्क्रीन आणि बॅटरी यांची अवस्था वेगवेगळी लिहा आणि प्रत्येक दोषाची जागा व माप सांगा. ‘वरच्या झाकणावर उजव्या कोपऱ्यात २ सेंटिमीटरचा ओरखडा, हाताला लागत नाही, फोटो ४’ असं लिहिलं की वादाला जागा उरत नाही. ‘वापराच्या खुणा’ या शब्दांत मात्र ओरखड्यापासून तुटलेल्या बिजागरीपर्यंत काहीही बसतं.

बॅटरीसाठी ‘बॅकअप चांगला’ असं लिहू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या रिपोर्टमध्ये DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभरने गुणलं की उरलेली क्षमता टक्क्यांत मिळते. टी४८० मध्ये एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी असते, त्यामुळे रिपोर्टमध्ये दोन्ही वेगळ्या दिसतात. माझ्याकडच्या एका मशीनमध्ये दोन्ही मूळच्या २४ वॉट-अवरच्या होत्या. आतली १८ वर आली होती, बाहेरची १२ वर. म्हणजे एक ७५ टक्के आणि दुसरी ५०. सरासरी ६२.५ टक्के येते, पण मी दोन्ही आकडे वेगळे लिहिले, कारण बाहेरची बॅटरी गिऱ्हाईक स्वतः बदलू शकतं आणि तो खर्च त्याला आधी कळायला हवा. रिपोर्टचा फोटोही जोडला.

इथे एक सावधगिरी. बाजारातली कंपॅटिबल बॅटरी नवी बसवली असेल तर रिपोर्ट अगदी शंभर टक्केही दाखवू शकतो. तो आकडा बॅटरीतल्या चिपने सांगितलेला असतो, सेल किती चांगले आहेत याचा तो पुरावा नव्हे. तेव्हा ‘बॅटरी बदललेली, कंपनीची नाही’ हे स्पष्ट लिहा. शिवाय पूर्ण चार्ज करून, ब्राइटनेस अर्धा आणि वाय-फाय चालू ठेवून व्हिडिओ किती वेळ चालला ते मोजा आणि त्या अटींसकट लिहा.

सोबत काय मिळणार त्याची यादी करा: चार्जर मूळ की कंपॅटिबल, किती वॉटचा, पॉवर केबल आहे की नाही. जे मिळणार नाही ते फोटोत ठेवू नका. मी एकदा बॅगेवर लॅपटॉप ठेवून फोटो काढला आणि शेवटी ती बॅग द्यावी लागली.

वॉरंटीत पहिला शब्द ‘कोणाची’ हा असावा. कंपनीची वॉरंटी उरली असेल तर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून शेवटची तारीख बघा आणि तीच लिहा. उरली नसेल तर ‘कंपनी वॉरंटी संपलेली, दुकानाची ९० दिवस’ असं लिहा. ते दिवस बिलापासून मोजायचे की माल हातात पडल्यापासून, हेही सांगा. ‘चेकिंग वॉरंटी’ हा शब्द दुकानदारांना कळतो, ऑनलाइन घेणाऱ्याला नाही. त्याऐवजी ‘७ दिवसांत बिघाड निघाला तर पैसे परत’ असं लिहा, जर खरंच परत करणार असाल तर. माझ्या लिस्टिंगमधली वॉरंटी अशी असते:

‘दुकानाची वॉरंटी, माल मिळाल्यापासून ९० दिवस. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, स्क्रीन आणि कीबोर्डचा आपोआप झालेला बिघाड विनामूल्य दुरुस्त करू. बॅटरी आणि चार्जरला ३० दिवस. पडणे, पाणी जाणे यांचा समावेश नाही. वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी येण्या-जाण्याचं कुरिअर आमच्याकडे.’