या चुका टाळा : कुंडीत पाणी साचते, ते नेमके कशामुळे?

सांगलीत बाल्कनीतली बाग बहुधा गावाकडून पोत्यात भरून आणलेल्या काळ्या मातीपासून सुरू होते. कृष्णाकाठच्या शेतात उसाला मानवणारी हीच माती कुंडीत मात्र घात करते. कारण तिच्यातील चिकण माती ओली झाली की फुगते, हवेची छिद्रे बुजवते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. अशा वेळी घातलेले पाणी कडेच्या फटीतून झटकन खाली निघून जाते. निचरा चांगला आहे असे वाटते, पण मुळांपाशी माती कोरडीच राहते. उलट माती ओली असूनही दुपारी रोप मान टाकत असेल, खालची पाने पिवळी पडत असतील आणि तळाच्या छिद्राशी कुबट वास येत असेल, तर मुळे गुदमरली आहेत असे समजावे.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे तळाशी खडीचा थर देणे, आणि तोच दुसरी चूक ठरतो. बारीक मातीतले पाणी वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत जाड खडीत उतरत नाही, त्यामुळे साचलेल्या पाण्याचा पट्टा खाली न जाता उलट मुळांच्या जवळ सरकतो. छिद्रावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी पुरेशी आहे. सुधारणा करायची ती मिश्रणात.

टोमॅटोसाठी 12 इंच व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची ग्रो बॅग घेतली, तर तिच्यात सुमारे 20 लिटर मिश्रण मावते. त्यासाठी भिजवून फुगवलेले कोकोपीट 8 लिटर, गांडूळखत 6 लिटर, तांबडी माती 4 लिटर आणि भाताचे तूस 2 लिटर घ्यावे. तांबडी माती साताऱ्याच्या पश्चिमेकडील घाटभागातली असल्यास उत्तम. तयार बॅगेत लिटरभर पाणी ओतावे. ते पृष्ठभागावर साचून राहिले, तर मिश्रणात तूस वाढवावे.

मातीची कुंडी भिंतीतूनही पाणी सोडते, म्हणून पावसाळ्यात ती सुरक्षित असते. पण एप्रिल-मेच्या उन्हात ती लवकर सुकते. प्लास्टिकची कुंडी दिसायला कितीही देखणी असली, तरी तळाला छिद्रे नसतील तर ती बादलीच होय. ग्रो बॅग उन्हाने फाटणार नाही अशी, अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली आणि शक्यतो बाहेरून पांढरी घ्यावी. काळी बॅग तापते आणि कडेची मुळे भाजतात.

विक्रेता पारखताना तयार मिश्रण किलोवर देतो की लिटरवर, हे आधी विचारावे. ओले मिश्रण वजनावर घेतले, तर पैसे पाण्याचेच जातात. कोकोपीटची वीट धुतलेली आहे का, हेही विचारून घ्यावे. खात्री नसेल तर ती भिजवून, पाणी पिळून टाकून पुन्हा भिजवावी, म्हणजे क्षार निघून जातात. गांडूळखत हातात घेतल्यावर सुटे आणि मातकट वासाचे असावे; आंबट वास आला, तर ते अजून कुजलेले नाही. एकदम दहा बॅगांचे सामान न घेता आधी एकाच बॅगेपुरते आणावे, आणि तीत पाणी ओतून पाहिल्यावरच बाकीची मागणी द्यावी.