आंब्याचा खोका आपल्याच दुकानातला आहे का, हे अक्षरांवरून कसे ओळखावे

‘छपाई फिकी असेल तर खोका नकली’ हा सल्ला हापूसच्या व्यापारात कामाचा नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर रबरी ठशाने छापताना शाई कधी कडेला दाबली जाते, कधी ‘स’ची गाठ बुजते, असे खऱ्या खोक्यांवरही रोज घडते.

आधी त्याच हंगामातला आपला एक रिकामा खोका काढून ग्राहकाने तक्रार घेऊन परत आणलेल्या खोक्याशेजारी उजेडात ठेवावा.

खरी अडचण पुढे येते. शाईचा दोष आणि अक्षराचा दोष यांत गल्लत करू नये. शाईचा दोष जागोजागी बदलतो. अक्षराचे वळण चुकीचे असेल, तर तो शब्द जिथे जिथे छापला आहे तिथे ते तसेच दिसते. रत्नागिरीच्या बाजारात माझ्या शेजारच्या गाळ्यावर एक ग्राहक दोन डझनांचा खोका घेऊन आला आणि सगळ्या फळांत साका निघाला म्हणून पैसे परत मागू लागला. खोक्याचा रंग, दुकानाचे नाव आणि आंब्याचे चित्र हुबेहूब होते. दुकानदाराची नजर मात्र ‘अस्सल हापूस’ या शब्दांतील ‘ल’वर थांबली, कारण त्याच्या खोक्यांवर मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ असतो आणि या खोक्यावर झाकणावर, दोन्ही बाजूंवर, सगळीकडे हिंदी वळणाचा दांड्याचा ‘ल’ होता. शाई कितीही पसरली तरी पाकळीचा दांडा होत नाही.

हे का घडते, तेही समजून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ‘ल’ प्रमाण ठरवला असला, तरी संगणकात दोन्ही वळणांचा संकेतांक एकच असतो आणि कोणते वळण उमटेल हे फॉन्टवर ठरते. नक्कल करणाऱ्याने मजकूर नव्याने टाइप केला, की बहुतेक फॉन्टांत हिंदी ‘ल’ येतो. उलट, त्याने खरा खोका स्कॅन करून ठसा बनवला असेल तर ‘ल’ बरोबरच येणार. म्हणून बरोबर ‘ल’ दिसला एवढ्यावर खोका खरा मानू नये.

चुकीचा ‘ल’ दिसला तरी ग्राहकावर लगेच आरोप करू नये. आधी आपल्या छापखान्याला फोन करून मधल्या काळात ठसा बदलला होता का, हे विचारावे. त्या दुकानदाराने तेच केले, आणि ठसा जुनाच असल्याचे कळल्यावर दोन्ही खोके ग्राहकापुढे ठेवले. खोका महामार्गालगतच्या एका टपरीवर घेतल्याचे ग्राहकाने तेव्हा सांगितले. फसवणूक त्याचीही झाली होती.

पैसे परत करू नयेत, पण दोन्ही ‘ल’ एकाच चौकटीत येतील असा फोटो काढून तारखेसह जपून ठेवावा, कारण त्याच ठशाचे आणखी खोके बाजारात असण्याचीच शक्यता जास्त.