ब्रेक-ईव्हन काढताना या चुका टाळा: लोन ऑफिसरसमोर मिनी डाळमिलचा हिशेब

"वर्षाला किती क्विंटल तूर भरडली की तुमचा खर्च निघतो?" लोन ऑफिसर साहेबांनी विचारलं.

"११० क्विंटल, साहेब," माझ्या शेजारी बसलेला पोरगा लगेच बोलला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पंधरा दिवसांचं काम झालं. मग उरलेलं वर्ष काय करणार?"

मी लातुरात लहान उद्योगांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो. हा पोरगा औसा तालुक्यातला. भाड्याच्या शेडमध्ये मिनी डाळमिल टाकायची, तूर विकत घ्यायची, डाळ करून किराणा दुकानांना द्यायची, असा त्याचा बेत. ७ लाखांची मशिनरी, त्यात १ लाख घरचे, ६ लाखांचं टर्म लोन आणि वर ५ लाखांची कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी. ब्रेक-ईव्हनचा कागद त्याने स्वतः केला होता आणि मी तो न तपासता फाईलला लावला होता. तेवढी चूक माझी. त्या कागदात जे चुकलं होतं तेच मला दर दुसऱ्या फाईलमध्ये दिसतं, म्हणून त्याचाच हिशेब इथे उलगडतो.

डाळीच्या किलोतून तुरीचा किलो वजा केला

त्याचं गणित असं होतं. डाळ ११८ रुपये किलोने जाते, तूर ७५ रुपये किलोने येते, म्हणजे किलोमागे ४३ रुपये सुटतात. वर्षाचा स्थिर खर्च ४ लाख ७५ हजार, त्याला ४३ ने भागलं की ११,००० किलो. झाले ११० क्विंटल.

स्थिर खर्चाला एका नगामागे सुटणाऱ्या पैशाने भागायचं, ही रीत बरोबरच आहे. घोळ आहे तो "सुटतात" या शब्दात. एक किलो तुरीची एक किलो डाळ होत नाही. मशीनवाल्याच्या कॅटलॉगमध्ये ७५ टक्के उतारा छापलेला असतो, पण तो एकसारख्या, टपोऱ्या, कोरड्या दाण्याचा. आपल्याकडे आडतीवर एकाच ढिगात पांढरी बीडीएन ७११ आणि लाल बीडीएन ७१६ मिसळलेली सापडते, पावसाने ताण दिला असेल तर दाणा बारीक, आणि जानेवारीतल्या मालात ओल. आपण ओलीचे पैसे तुरीच्या भावाने मोजतो आणि वाळवणावर ती उडून जाते.

म्हणून त्याला म्हटलं, एक क्विंटल तूर घे, ओळखीच्या मिलवर भरडून आण आणि निघेल ते सगळं काट्यावर घाल. डाळ ७० किलो भरली, चुनी आणि टरफल मिळून २२ किलो. बाकी ८ किलो काट्यावर आलेच नाहीत. ती ओल आणि धूळ. (सगळ्यांची बेरीज बरोबर १०० येत असेल तर समजावं की वजन केलं नाही, घरी बसून आकडे लिहिले.)

आता एक क्विंटल तुरीचा हिशेब पुन्हा मांडू. ७० किलो डाळीचे ११८ प्रमाणे ८,२६० रुपये आणि २२ किलो चुनी-टरफलाचे २० प्रमाणे ४४०. एकूण आले ८,७००. जाणारे पैसे असे: तूर ७,५००, गाडीभाडं आणि हमाली १५०, भरडाईची वीज ६०, तेल आणि बारदाना ९०, क्विंटलवर ठरवलेली मजुरी १५०. एकूण ७,९५०. हातात राहिले ७५०. किलोमागे ४३ नव्हे, तर तुरीच्या अख्ख्या क्विंटलमागे ७५०.

४ लाख ७५ हजारांना ७५० ने भागलं की ६३३ क्विंटल तूर येते. कुठे ११० आणि कुठे ६३३. आणि पुढचे सगळे आकडे तुरीच्याच क्विंटलमध्ये ठेवायचे. एका पानावर डाळ, दुसऱ्यावर तूर असं झालं की साहेबांचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

हप्ता, व्याज आणि घरखर्च यांची खिचडी

४ लाख ७५ हजारांत काय होतं ते बघा. शेडचं भाडं, पगारी ऑपरेटर, विमा, विजेचा स्थिर आकार आणि हिशेबनीस मिळून ३ लाख. टर्म लोनचं पहिल्या वर्षाचं व्याज ६१ हजार, सीसीचं व्याज अंदाजे ४४ हजार, मशिनरीचा घसारा ७० हजार. हे त्याने बरोबर धरलं होतं. बहुतेक जण इथे अख्खा हप्ता खर्चात टाकतात आणि वर घसाराही लावतात. मग एकच मशीन खर्चात दोनदा येतं, कारण हप्त्यातली मुद्दल म्हणजे त्या मशीनचेच पैसे. मुद्दल हा खर्च नाही, घेतलेले पैसे परत करणं आहे.

पण खर्च नसली तरी मुद्दल खिशातूनच जाते. ६ लाख, ११ टक्के, ५ वर्षं, असं धरलं तर हप्ता महिना सुमारे १३,०४५ रुपये बसतो, वर्षाचे दीड लाखाच्या थोडे वर. म्हणून दोन आकडे काढायचे. पहिला नफ्या-तोट्याचा, घसारा आणि व्याज धरून: ६३३ क्विंटल. दुसरा रोख पैशाचा. त्यात घसारा काढून टाकायचा, कारण तो कुणाला द्यावा लागत नाही, आणि टर्म लोनच्या व्याजाऐवजी त्याचा पूर्ण हप्ता धरायचा; सीसीचं व्याज तसंच राहतं. तो खर्च ५ लाखांच्या आसपास जातो आणि आकडा येतो ६६७ क्विंटल. बँकेला जास्त रस या दुसऱ्यात असतो. पहिल्यावर खातं तोट्यात नाही एवढंच कळतं, हप्ता येणार की नाही ते दुसऱ्यावर कळतं.

तिसरा आकडा कुणी मागत नाही, तरी मी लिहायला लावतो. पोरगा घरी महिन्याला १५ हजार नेणार. ते रिपोर्टमध्ये दाखवले नाहीत तरी तो नेणारच, आणि नेणार ते सीसी खात्यातूनच. वर्षाचे १ लाख ८० हजार मिळवले की आकडा ९०७ क्विंटलवर जातो. कमी आकडा दाखवला की कर्ज लवकर मिळतं, हा गैरसमज आहे. घरखर्चासकट मांडलेला कागद साहेबलोक नीट वाचतात, असा माझा तरी अनुभव आहे.

सबसिडी मात्र यात कुठेच धरायची नाही. ती उत्पन्न नाही, आणि लहान अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमईसारख्या केंद्राच्या योजनेत ती तीन वर्षं वेगळ्या खात्यात राहून, कर्ज नीट चालू असेल तरच कर्जात वळती होते.

मशीनची क्षमता धरली, वाळवणाची आणि पैशाची धरली नाही

बँकेच्या फॉर्ममध्ये ब्रेक-ईव्हन टक्क्यात मागतात, म्हणजे क्षमतेच्या किती टक्क्यांवर. क्षमता फुगवली की टक्का आपोआप सुंदर दिसतो. कॅटलॉगमधले तासाला २ क्विंटल, ८ तास, ३०० दिवस धरले तर वर्षाचे ४,८०० क्विंटल होतात आणि ६३३ म्हणजे जेमतेम १३ टक्के. असा टक्का बघितला की साहेबांच्या भुवया वर जातात.

खरी क्षमता पत्र्यावर आणि ताडपत्रीवर ठरते. तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवावं लागतं, तेव्हा टरफल सुटतं. याच्याकडे वाळवणाला जागा दिवसाला ८ क्विंटलचीच होती, आणि पावसाळ्याचे चार महिने ऊन भरवशाचं नाही. ८ महिन्यांचे १७५ दिवस धरले की १,४०० क्विंटल. यावर ६३३ म्हणजे ४५ टक्के, ६६७ म्हणजे ४८, आणि ९०७ म्हणजे ६५ टक्के.

इथे बरेच जण थांबतात, आणि नेमकी पुढची अडचण सुटून जाते. १,४०० क्विंटल भरडायला तूर घ्यावी लागते आणि तुरीला पैसा लागतो. सीसीत मालाच्या किमतीचे साधारण ७५ टक्के बँकेचे असतात, बाकीचे आपले. ५ लाखांच्या सीसीवर आपले १ लाख ६७ हजार घातले की एका फेरीत सुमारे ८४ क्विंटलचा माल होतो. तूर घेण्यापासून दुकानदाराचे पैसे येईपर्यंत ३० दिवस लागत असतील तर ८ महिन्यांत ८ फेऱ्या, म्हणजे ६७२ क्विंटल. मशीन १,४०० करेल, वाळवणही करेल, पण पैसा ६७२ वर अडतो. हप्त्याला लागतात ६६७. घरखर्चाला काहीच उरत नाही.

तोडगा मशीनमध्ये नव्हता, उधारीत होता. दुकानदारांना १९ दिवसांऐवजी ११ दिवसांतच पैसे मागायचे ठरलं, फेरी २२ दिवसांवर आली, ८ महिन्यांत ११ फेऱ्या बसल्या आणि आकडा ९२४ झाला. ९०७ च्या वर, पण अगदी थोडा. ते थोडंपण आम्ही लपवलं नाही.

साहेबांसमोर कसं सांगायचं

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हातात एकच पान होतं. वर एका क्विंटलचा हिशेब, खाली तीन आकडे, त्याखाली फेऱ्या. पोराला सांगून ठेवलं होतं, सूत्र म्हणून दाखवू नकोस, क्विंटलमध्ये बोल. तो म्हणाला, "साहेब, ६६७ क्विंटलला तुमचा हप्ता निघतो, ९०७ ला माझं घर चालतं, आणि सीसी अशी फिरली तर ९२४ होतात."

साहेबांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, "डाळ ३ रुपयांनी उतरली तर?"

याचं उत्तर पाठ करायचं नसतं, आधीच काढून ठेवायचं असतं. ७० किलोवर ३ रुपये म्हणजे क्विंटलमागे २१० गेले. ७५० चे ५४० राहिले. हप्त्याचा आकडा ६६७ वरून ९२७ वर जातो, म्हणजे ११ फेऱ्या करूनही ३ क्विंटल कमी पडतात. त्याने ते तसंच सांगितलं आणि पुढे म्हणाला, "पण डाळ उतरली की आडतीवर तूरही उतरते. मी एका वेळी एकाच फेरीची तूर घेणार, चार महिन्यांचा साठा करणार नाही. त्यामुळे जुन्या भावाची तूर जास्तीत जास्त ८४ क्विंटल अडकेल."

उताऱ्याचंही तसंच आहे. ७० चे ६८ किलो झाले तर दोन किलो डाळीचे २३६ जातात, तेवढी चुनी वाढून ४० परत येतात. निव्वळ १९६ चा फटका, म्हणजे भाव ३ रुपयांनी पडल्यासारखाच. फरक इतकाच की भावाची बातमी सगळ्यांना असते, उताऱ्याची कुणी देत नाही. म्हणून दर फेरीला वजनं लिहायची वही करायची, असं आम्ही पानाच्या तळाशी घातलं होतं.

साहेबांनी ती ओळ वाचली आणि विचारलं, "त्या ट्रायलच्या ७० किलोची वजनकाट्याची चिठ्ठी आहे का?"

पोराच्या खिशात होती, घडी पडून मळकी झालेली. ती त्यांनी सरळ करून फाईलला टाचली.